सर्टिफिकेट गृहपाठात का गेलं? एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया: "मॅडम, तुमचं वाचून जीमेलमध्ये नियम लावले. अटॅचमेंट असेल तो मेल 'गृहपाठ' लेबलला आणि इनबॉक्समधून बाहेर. पालकांच्या पत्त्यावरून तुकडी. 'रजा' शब्दाचा नियम तर सगळ्यात आधी केला होता. तरी एका आईने पाठवलेलं डॉक्टरांचं सर्टिफिकेट गृहपाठात जाऊन पडलं, आठ दिवसांनी दिसलं. तोवर मुलीला मी गैरहजेरीवरून वर्गात बोललो होतो. दोन भावंडांच्या वडिलांचे मेल तर दोन्ही तुकड्यांत दिसतात. त्यापेक्षा हाताने लावलेले बरे."

सर, त्या मुलीला जे ऐकून घ्यावं लागलं त्यात माझाही वाटा आहे. अटॅचमेंटवरून गृहपाठ ओळखा, हे मीच लिहिलं होतं. चुकीचंच होतं ते. पालक रजेच्या अर्जाचा फोटो जोडतात, सर्टिफिकेट जोडतात, फीच्या पावतीचा स्क्रीनशॉटही जोडतात. उलट प्रयोगाचा व्हिडिओ 25 एमबीच्या वर गेला की जीमेल तो जोडत नाही, ड्राइव्हवर ठेवून त्याची लिंक पाठवतं. म्हणजे रजेला अटॅचमेंट आणि गृहपाठाला नाही, असंही होतं. जोडलेल्या फाइलवरून मेल कशासाठी आलाय हे कळत नाही. तो नियम आजच काढून टाका.

आता 'रजा'चा नियम. तो आधी केला म्हणून काही फरक पडला नाही, कारण जीमेलच्या फिल्टरांना रांग नसते. वरचा लागला म्हणून खालचा थांबत नाही. जेवढे जुळतात तेवढे सगळे लागतात. त्या आईने विषयात 'रजा' लिहिलं असेल तर त्या मेलवर तुमचं रजेचं लेबलही लागलेलं असणार, उघडून बघा. पण दुसऱ्या फिल्टरमध्ये `Skip the Inbox` ला टिक होती, आणि एकाही फिल्टरने मेल इनबॉक्समधून उचलला की तो उचलला जातोच. भावंडांचंही कारण हेच. वडिलांचा पत्ता सातवी अ च्या यादीत आणि आठवी ब च्याही यादीत, म्हणून एकाच मेलवर दोन लेबलं. मेल दोनदा आलेला नाही. एकच मेल दोन लेबलांखाली दिसतोय, आणि एकीकडून डिलीट केलात तर दोन्हीकडून जाईल, तेवढं सांभाळा.

विषयावरून तुकडी ओळखायचाही प्रयत्न मी करून पाहिलाय. '7A' लिहा म्हणून सांगितलं, तर '7 A', 'VII A', 'सातवी अ', '7th अ तुकडी' असं सगळं आलं. आणि काहींनी विषयाची जागा रिकामीच ठेवली.

मी सध्या मेल कोणी पाठवला, आत काय आहे, यातलं काहीच बघत नाही. तो कुठल्या पत्त्यावर आला एवढंच बघते. जीमेलमध्ये आपल्या नावापुढे अधिकचं चिन्ह आणि एखादा शब्द टाकला तरी मेल आपल्यालाच येतो, नवीन खातं काढावं लागत नाही. प्रत्येक तुकडीला मी असे दोन पत्ते दिलेत:

```
tumchenav+7agruhpath@gmail.com
tumchenav+7apalak@gmail.com
```

फिल्टर कॉम्प्युटरवरच करावे लागतात, फोनच्या ॲपमध्ये ती सोय नाही. शोधपट्टीच्या उजव्या टोकाच्या चिन्हावर दाबून To च्या चौकटीत पूर्ण पत्ता टाकायचा आणि `Create filter`. गृहपाठाच्या पत्त्याला `7A/गृहपाठ` लेबल, `Skip the Inbox` आणि `Never send it to Spam` अशा तीन टिका. पालकांच्या पत्त्याला फक्त `7A/पालक` लेबल. तो मेल इनबॉक्समधून हलवायचा नाही म्हणजे नाही. गृहपाठ शनिवारी बघितला तरी चालतो, पण मुलगी तापाने घरी आहे हे मला त्याच सकाळी कळायला हवं. लेबलच्या नावातल्या तिरक्या रेघेमुळे 7A च्या पोटात दोन्ही लेबलं दिसतात.

भावंडांच्या वडिलांनी मुलीबद्दल लिहिताना सातवीचा पत्ता वापरला आणि मुलाबद्दल आठवीचा, की प्रश्न मिटला. अर्थात फोन आधीचाच पत्ता सुचवतो, म्हणून ते कधीतरी चुकतातच. तेव्हा मी लेबल हाताने बदलते. माझ्याकडे अशी दोन-तीनच घरं आहेत.

या पद्धतीत खरा धोका वेगळाच आहे, आणि तो मला चूक झाल्यावर कळला. पहिल्या वर्षी मी पत्ता फळ्यावर लिहिला. मुलांनी डायरीत उतरवताना काहींनी + गाळला. `tumchenav7apalak@gmail.com` हा तुमचा पत्ता नाही, तो पूर्ण वेगळा पत्ता आहे. तसं खातं कुणाचं नसेल तर मेल पालकांकडे परत जातो, पण असेल तर मुलाचं सर्टिफिकेट कुणा परक्याच्या हातात पडतं. टिंब गाळलं तर जीमेलला चालतं, अधिक गाळलेलं चालत नाही. तेव्हापासून पत्ता फळ्यावर नाही. तुकडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकते आणि कॉपी करूनच वापरा म्हणून सांगते.

दुसरी गळती उत्तरांची. तुम्ही पालकांना साध्या पत्त्यावरून लिहिलंत तर त्यांचं उत्तर साध्याच पत्त्यावर येणार आणि त्याला लेबल लागणार नाही. त्यासाठी सेटिंगमधल्या `Send mail as` मध्ये तुकडीचा पत्ता जोडून घ्या आणि खाली `Reply from the same address the message was sent to` निवडा. एवढं करूनही जे निसटतात, त्यांच्यासाठी रोज शाळेत निघण्याआधी, चहा निवेपर्यंत, मी हा एक शोध टाकते:

```
in:inbox has:nouserlabels
```

कुठलंच लेबल न लागलेले मेल यात येतात. लेबल लागलेल्या संभाषणातलं बिनलेबलाचं उत्तरही यात सापडतं, कारण जीमेल लेबल एकेका मेलला लावतं, अख्ख्या संभाषणाला नाही. बहुतेक दिवशी चार-पाच मेल निघतात. ते मी हातानेच लावते, म्हणजे तुमची पद्धत मी अगदीच सोडलेली नाही.

एकच तुकडी असेल तर हाताने लावा, माझं काही म्हणणं नाही. माझ्याकडे चार तुकड्या आहेत. पावसाळ्यात इथे कोल्हापुरात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी इशारा पातळीच्या, म्हणजे 39 फुटांच्या वर चढायला लागलं की आम्हाला सुट्टीचे वेध लागतात. सुट्टी झाली की घरी बसलेल्या मुलांचे गृहपाठ एकाच संध्याकाळी धडाधड येतात. त्यातच एखादी आई लिहिते की घरात पाणी आलंय, आम्ही पाहुण्यांकडे आलोय, वह्या घरीच राहिल्या. अशा दिवशी शंभर गृहपाठांमधून तो एक मेल हाताने शोधायचा तर मला रात्र होते. नियम लावल्यावर इनबॉक्समध्ये पालकांचे तेवढे उरतात.

तुमचे आधीचे मेल मात्र या फिल्टरांना सापडणार नाहीत, कारण ते जुन्या साध्या पत्त्यावर आलेत. जूनपासूनचे हातानेच लावावे लागतील. 'गृहपाठ' लेबल आधी उघडा आणि पालकांच्या पत्त्यावरून आलेले मेल नीट बघा. आणखी एखादं सर्टिफिकेट तिथे असू शकतं.