टीव्हीवर २४, मोबाईलवर ९२: मधले ६८ कुठे गेले?

"टीव्हीच्या ब्राउझरमध्ये fast.com उघडा आणि शेजारी मोबाईल धरून त्यावरही तेच उघडा. मोबाईलवर ९० आणि टीव्हीवर २५ आलं, तर समजा की नेटवाले टीव्ही ओळखून त्याचा स्पीड कापतात. टीव्हीवरचा आकडा खरा, मोबाईलवरचा दाखवायचा. मोठा प्लॅन घेतल्याशिवाय हे सुटत नाही."

हा मेसेज परभणीच्या माझ्या मावशीपर्यंत पोचला होता. दिवाळीत गेलो तेव्हा तिनं दारातच विचारलं, "टीव्हीचं नेट कापतेत का रे हे लोक?" रात्री तिचा टीव्हीवरचा व्हिडिओ अडकायचा. प्लॅन १०० एमबीपीएसचा. तिनं टेस्ट केलीच होती, टीव्हीवर २४ आणि मोबाईलवर ९२. आकडे खरे होते. त्यांचा लावलेला अर्थ चुकीचा होता.

आधी कापण्याचा आरोप. घरातला मोबाईल, लॅपटॉप, टीव्ही हे सगळं राउटरच्या मागे असतं आणि बाहेर जाताना बहुधा राउटरचा एकच पत्ता लावून जातं. कंपनीला दिसतो तो राउटर. त्यामागचं कोणतं यंत्र टीव्ही आहे हे तिला सहज कळत नाही. एखादी सेवा मात्र, समजा एखादं व्हिडिओ अ‍ॅप, ती तांत्रिकदृष्ट्या हळू करू शकते. भारतात २०१८ पासूनचे नेट न्यूट्रॅलिटीचे, म्हणजे सगळ्या सेवांना सारखंच वागवायचे, नियम त्याला मनाई करतात. तरी शंका असेल तर दोन यंत्रं शेजारी ठेवून ती फिटणार नाही, कारण हळू केलेली सेवा मोबाईलवरही हळूच चालेल. त्यासाठी एकाच यंत्रावर दोन वेगळ्या टेस्ट घ्याव्या लागतात. fast.com नेटफ्लिक्सची आहे आणि ती नेटफ्लिक्सच्याच सर्व्हरवरून डेटा ओढते. तिचा आकडा दुसऱ्या एखाद्या स्पीड टेस्टपेक्षा पुन्हा पुन्हा फारच कमी आला, तर प्रश्न विचारायला जागा आहे. मावशीच्या मोबाईलवर दोन्हीकडे नव्वदच्या आसपासच येत होतं.

आता खरा आकडा कोणता, हा प्रश्न. इथं आम्ही अख्खी दुपार घालवली.

घर जुनं, दगडी भिंतींचं. फायबरची वायर रस्त्यावरून येते ती ढाळजेत, म्हणून राउटरही तिथंच ठोकलेला. टीव्ही आत मधल्या खोलीत. पहिलं काम म्हणजे मोबाईलचा मोबाईल-डेटा बंद केला. हे न करता टेस्ट घेणारे पुष्कळ असतात आणि वायफाय क्षीण असलं की काही फोन गुपचूप सिमच्या नेटवर जातात. मग तुलना दोन वेगळ्या कनेक्शनांची होते. डेटा बंद करूनही ९१ आलं, म्हणजे ती गल्लत नव्हती.

मग राउटरच्या वायफायची दोन नावं पाहिली. एक २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याचं, दुसरं ५ गिगाहर्ट्झच्या. मोबाईल ५ वर होता. टीव्हीच्या सेटिंगमध्ये नेटवर्कची यादी उघडली तर ५ चं नाव त्यात नव्हतंच. या टीव्हीचा रेडिओ फक्त २.४ पकडतो, स्वस्त आणि मधल्या किमतीच्या बऱ्याच टीव्हींचं असंच असतं. म्हणून मोबाईलही २.४ वर आणला आणि टीव्हीला अगदी चिकटवून धरला. आकडा ९१ वरून थेट ४१. टीव्हीला हातही न लावता तफावतीतला मोठा भाग इथंच सापडला. २.४ चा पट्टा अरुंद असतो. एकाच अँटेनाच्या साध्या जुन्या वायफायला कागदावरच ७२ एमबीपीएसची जोड मिळते आणि प्रत्यक्षात निम्म्याच्या आसपास हाती लागतं.

उरला ४१ आणि २४ मधला फरक. टीव्हीचा अँटेना पडद्यामागे, पत्रा आणि भिंत यांच्या बेचक्यात असतो, त्यानं थोडं कमी येणारच. पण मला संशय ब्राउझरचा होता. टीव्हीवर यूट्यूब लावून एक ४के व्हिडिओ चालू केला आणि सेटिंगमधून Stats for nerds उघडलं. त्यात Connection Speed ही ओळ असते, आकडा Kbps मध्ये. हजारानं भागला की एमबीपीएस. तिथं ३६ ते ३८ हजार दिसत होतं. तोच टीव्ही, तेच वायफाय, तरी अ‍ॅपला ३७ मिळतात आणि ब्राउझर २४ सांगतो. यूट्यूबचा आकडा अंदाजाचा असतो, म्हणून खात्रीसाठी लॅनची लांब केबल टाकली. लॅपटॉपला लावली तर ९४. तीच केबल टीव्हीला लावून ब्राउझरमध्ये टेस्ट केली तर ३१. वायफाय मध्ये नसतानाही ३१च्या वर गेला नाही.

असं का होतं? स्पीड टेस्ट एकाच वेळी अनेक जोडण्या उघडून डेटा ओढते. तो डेटा कुलूपबंद येतो, तो उघडायचा, मेमरीत घ्यायचा, जावास्क्रिप्टनं मोजायचा, हे सगळं मुख्य प्रोसेसरच्या माथी. टीव्हीत तो कमजोर असतो, रॅम दीड-दोन जीबी आणि ब्राउझर बहुधा जुना. व्हिडिओचं चित्र उलगडायला मात्र चिपमध्ये वेगळी यंत्रणाच बसवलेली असते. म्हणून ब्राउझर धापा टाकतो त्याच टीव्हीवर ४के चित्र सरळ चालतं. २४ हा आकडा खोटा नाही, पण तो त्या ब्राउझरची ताकद सांगतो. मोबाईलचे ९२ ही लाइनची ताकद.

मोठ्या प्लॅनबद्दल बोलायचं तर ३०० चा घेतला असता तरी या टीव्हीवर काही बदललं नसतं. कित्येक ४के टीव्हींचं लॅन पोर्टही १०० एमबीपीएसचंच असतं, केबल लावूनही ९४-९५ च्या वर जात नाही. आणि नेटफ्लिक्स ४के साठी १५ एमबीपीएस सांगतं, फुल एचडीसाठी ५.

मग मावशीचा व्हिडिओ रात्री का अडकायचा? कारण तक्रार खरी होती, फक्त टेस्ट दुपारची होती. रात्री नऊला Stats for nerds पुन्हा उघडलं (केबल काढून, वायफायवर). Connection Speed सहा-सात हजारांवर आलेलं आणि Buffer Health, म्हणजे पुढचे किती सेकंद साठवलेत ते, शून्याकडे घसरत होतं. त्याच वेळी ढाळजेत लॅपटॉप केबलनं राउटरला जोडला तर ९३. लाइन रात्रीही ठणठणीत होती. गल्लीतल्या पंधरा-वीस घरांचे राउटर त्याच २.४ च्या पट्ट्यात संध्याकाळी एकदम बोलू लागतात, त्या गर्दीत टीव्हीची पाळी उशिरा लागत होती.

हाच लॅपटॉप केबलवर रात्री ९३ ऐवजी २० दाखवता, तर दोष लाइनचा ठरला असता. तेव्हा सकाळचे आणि रात्रीचे, केबलवरचे आकडे तारखेसह लिहून तक्रार करावी. टीव्हीच्या ब्राउझरचा फोटो पाठवला तर कंपनीचा माणूस येऊन मोबाईलवर ९० दाखवून निघून जातो आणि खरी अडचण तशीच राहते.

मावशीकडे केबल चौकटीच्या वरून नेऊन खिळ्यांनी पक्की केली. पंधरा मीटर लागली. ब्राउझर अजूनही ३१ च सांगतो, रात्रीचा व्हिडिओ मात्र अडकत नाही.