हलगी, कॉकटेल आणि नकलेचा आरोप

"पोपट तालावर वगैरे काही नाचत नाही. समोर मालक मान हलवतो, त्याची तो नक्कल करतो. दाण्याची लालूच दाखवली तर कुत्रंसुद्धा नाचायला शिकतं. पोपट मान हलवतोच, त्याला नाच म्हणणं हे माणसाचं वेड."

गणपतीपासून हा मजकूर कोल्हापुरातल्या निम्म्या ग्रुपवर फिरतोय. त्यातला शेवटचा मुद्दा बराचसा बरोबर आहे, म्हणून आधी तोच घेतो. भुकेलं पिल्लू घास मागताना मान वरखाली करतं. वयात आलेला नर मादीपुढे डोलतो. पिंजऱ्यात एकट्या पडलेल्या पक्ष्याला तेच ते हलण्याची सवय लागते आणि घरचे कौतुकाने त्यालाच नाच म्हणतात. (आपला हिरवा राघू असा पिंजऱ्यात असेल तर त्याला पाळणंच 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, हेही सांगून ठेवतो.) तेव्हा मान हलली म्हणजे ताल धरला असं नाहीच. पण म्हणून कुठलाच पोपट ताल धरत नाही, हेही खरं नाही. हे ओळखायची रीत आहे आणि ती अवघड नाही.

रीत अशी. गाणं तेच ठेवायचं, फक्त त्याची लय बदलायची. पक्षी स्वतःच्या नादात हलत असेल तर त्याचा वेग आहे तोच राहील. ताल ऐकत असेल तर लयीबरोबर त्याचाही वेग बदलेल.

अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात पक्ष्यांच्या एका आश्रयगृहात स्नोबॉल नावाचा पांढरा काकाकुवा होता. 2007 मध्ये त्याच्या नाचाचा व्हिडिओ जगभर फिरला. तो पाहून मेंदूचे अभ्यासक अनिरुद्ध पटेल आणि त्यांचे सहकारी यांनी नेमकी हीच परीक्षा घेतली. बॅकस्ट्रीट बॉइज या बँडचं त्याच्या आवडीचं गाणं मूळ लयीत मिनिटाला साधारण 109 ठोक्यांचं होतं. स्वर न बदलता त्याच्या अकरा लयी केल्या. सर्वांत संथ लय मूळच्या 20 टक्के खाली, म्हणजे सुमारे 87 ठोके, आणि सर्वांत जलद 20 टक्के वर, म्हणजे सुमारे 130. मग चित्रीकरण बघून, त्याची मान नेमकी कोणत्या क्षणी खाली येते ते मोजलं. अकरापैकी नऊ लयींत त्याने ठोका पकडल्याचे तुकडे सापडले. निष्कर्ष 2009 साली प्रसिद्ध झाले.

"तुकडे" हा शब्द मुद्दाम वापरला. स्नोबॉल गाणं सुरू झाल्यापासून संपेपर्यंत तालात नव्हता. काही वेळ ठोक्यावर येई, मग सुटे, पुन्हा येई. नाचण्याच्या एकूण वेळेतला जास्त भाग तर ठोक्याबाहेरचाच होता. इथे शंका घेणाऱ्याचं म्हणणं ऐकलंच पाहिजे. दसरा चौकात सिग्नलला पुढच्या गाडीचा इंडिकेटर आणि आपला इंडिकेटर थोडा वेळ एकदम लुकलुकतात आणि मग फाकतात. म्हणून काही एक दुसऱ्याला ऐकत नसतो. पोपटाचंही तसंच झालं असेल तर? संशोधकांनी हीच शंका गणितात घातली. एका लयीवरच्या त्याच्या माना दुसऱ्या लयीच्या ठोक्यांवर बसवून पाहिल्या, आणि असं हजारो वेळा केलं. निव्वळ योगायोगाने जेवढा मेळ जुळतो, त्यापेक्षा स्नोबॉलचा खरा मेळ स्पष्टपणे जास्त निघाला.

आता नकलेचं. त्या चाचण्यांत खोलीतल्या माणसांनी नाचायचं नाही, मान हलवायची नाही, असं ठरलं होतं. तोंडाने प्रोत्साहन देत, तेवढंच. शिवाय नक्कल करणारा नेहमी एक पाऊल मागे राहतो. लेझीम नव्याने शिकणारं पोर पुढच्याकडे बघून वळतं, तेव्हा त्याचा झटका हमखास उशिरा पडतो. बघून किंवा ऐकून मग हलायचं म्हटलं तर सेकंदाचा साधारण पाचवा भाग जातोच. तालात असताना स्नोबॉलची मान ठोक्याच्या मागे नव्हे, ठोक्याच्या आसपासच खाली येत होती. पुढचा ठोका कधी पडणार हे आधीच ओळखल्याशिवाय असं होत नाही. त्याच्या आधीच्या घरी माणसं त्याच्यासोबत नाचत असत हे खरं आहे, एखादी लकब तिथून आली असेलही. पण लकब उचलणं वेगळं आणि लय बदलली की तिच्याबरोबर बदलणं वेगळं.

कुत्र्याचा दाखला तर उलट पोपटाच्याच बाजूने जातो. त्याच वर्षी अडेना शाखनर आणि सहकाऱ्यांनी नाचणाऱ्या प्राण्यांचे हजारभर व्हिडिओ तपासले. ठोक्याला धरून हलल्याचा पुरावा फक्त 33 व्हिडिओंत मिळाला. त्यात पोपटाच्या 14 जाती होत्या आणि एक आशियाई हत्ती. कुत्रं एकही नाही, मांजर एकही नाही. कुत्रं हजारो वर्षं आपल्या उंबऱ्यात आहे, इशाऱ्यावर गिरक्या घेतं, तरी त्या व्हिडिओंत ढोलाचा ठोका एकानेही पकडलेला दिसला नाही. आणि स्नोबॉलला कुणी दाणा टाकून शिकवलं नव्हतं.

पटेल यांनी 2006 मध्येच याचं कारण सुचवलं होतं. आवाज ऐकून तसाच आवाज काढायचा तर कान आणि हालचाल यांना मेंदूत घट्ट जोडणारी वाट लागते. ती माणसात आहे, पोपटात आहे. कुत्र्यात, माकडात तशी नाही. "विठू विठू" म्हणायला लागणारी तीच वाट ठोका धरायलाही कामी येते, असा तर्क. तो पूर्ण सिद्ध झालेला नाही. कॅलिफोर्नियात रोनन नावाच्या सागरसिंहिणीला मासे देऊन ठोक्यावर मान हलवायला शिकवलं. 2013 साली ते प्रसिद्ध झालं. बोलण्याची नक्कल करण्यासाठी तिची जात ओळखली जात नाही. म्हणजे शिकवून जमतं हा मुद्दा तिच्यापुरता खरा ठरला. पण न शिकवता, आपणहून ठोक्यावर येणाऱ्या पोपटाला तो लागू होत नाही.

मी ही परीक्षा शिवाजी पेठेत घेऊन बघितली. शेजारच्या काकांकडे कॉकटेल जातीचा छोटा पोपट आहे. काका म्हणत होते, "हलगी लागली की लय भारी नाचतंय बघ." तालमीतल्या हलगीचं रेकॉर्डिंग मोबाईलवर आधी पाऊणपट वेगाने, मग मूळ वेगाने, मग सव्वापट वेगाने लावलं. आम्ही दोघं पाठ फिरवून बसलो आणि दुसऱ्या फोनवर चित्रीकरण केलं. नंतर दर दहा सेकंदांतल्या माना मोजल्या. सतरा, अठरा, सतरा. हलगी संथ असो की चढलेली, त्याचा वेग तोच. पक्षी खुशीत होता, तुरा उभा होता, पण ताल धरत नव्हता.

काका जरा हिरमुसले. मग म्हणाले, "एकदाच बघून सोडायचं व्हय? त्याला सवयीचं गाणं लावू." ते बरोबर बोलले. हलगी त्याला मिरवणुकीपुरतीच कानावर पडते. स्नोबॉलचं गाणं त्याच्या आवडीचं होतं. काका रोज लावतात तो अभंग रविवारी सकाळी घेणार आहोत, तीन लयींत, आणि या वेळी प्रत्येक लय तीन-तीनदा.