'मोजकेच पीस' म्हणजे नक्की किती?

दिवाळी जवळ आली की फीडवर सगळीकडे एकच भाषा सुरू होते. 'लिमिटेड एडिशन', 'मोजकेच पीस', 'लवकरच येतंय', 'संपायच्या आत घ्या'. आणि खाली कुणी किती आहेत असं विचारलं की उत्तर ठरलेलं: 'डीएम करा ताई.' (किंमत विचारली तरी हेच. किंमत इनबॉक्समध्ये सांगण्यासारखं त्यात काय गुपित असतं, हे मला आजवर कळलेलं नाही.)

माझंही कपड्यांचं छोटं लेबल आहे. त्यामुळे हे ग्राहक म्हणून आणि विकणारी म्हणून, दोन्ही बाजूंनी लिहितेय. माझं मत सरळ आहे: कॅप्शनमध्ये आकडा लिहायचा असेल तर तो त्या क्षणी खरोखर विकत घेता येणाऱ्या नगांचा असावा, तोही साइझप्रमाणे. आणि वेळ लिहायची असेल तर वार, तारीख, तास, मिनिट आणि कुठल्या देशाची वेळ, हे सगळं असावं. हे जमणार नसेल तर 'लिमिटेड' हा शब्द वापरू नये, नुसतं 'नवीन शर्ट आलेत' म्हणावं. तेही चांगलंच वाक्य आहे.

आता तो आकडा येतो कुठून ते सांगते, कारण खरी गंमत तिथेच आहे. आमचे आत्ताचे शर्ट खणाचे आहेत. कापड गुळेदगुड्डचं, म्हणजे कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातलं. खण मुळात चोळीसाठी विणला जायचा, त्यामुळे पन्हा लहान. आमच्या ताग्यांचा ३१ इंच भरला. नेहमीच्या शर्टिंगच्या ५८ इंची पन्ह्याची सवय असलेल्या माणसाला हे कापड बघूनच घाम फुटतो. पाठ एकदा टाकली की बाजूला अरुंद पट्टी उरते, त्यात फार तर कॉलर आणि पॅच बसतो. दोन्ही पुढचे भाग कसेबसे शेजारी शेजारी बसतात. बाह्या मात्र बसत नाहीत, त्या एकाखाली एक घ्याव्या लागतात. त्यात काठ आहे आणि बुट्टीला दिशा आहे, म्हणजे जागा वाचवायला एखादा भाग उलटा फिरवून टाकावा तर तेही नाही. तसं केलं की शर्टाच्या एका बाजूची बुट्टी डोक्यावर उभी.

दोन तागे घेतले, बिलावर प्रत्येकी २५ मीटर. टेबलावर मोजले तर एक २४.६ आणि दुसरा २४.७ भरला. ही फसवाफसवी समजू नका. मागावर ताणलेलं कापड घडी होऊन पडलं की थोडं आखडतं. दुसऱ्या ताग्यात एके ठिकाणी धागे सुटलेले होते, तेवढे १.३ मीटर बाजूला काढले. हातात राहिलं ४८ मीटर. एस आणि एमला साधारण २ मीटर लागतं, एल आणि एक्सएलला २.३. मास्तरांनी खडूने आखून बघितलं आणि म्हणाले, "ताई, बावीस निघतील. तेवीसाव्याला बाह्या नाहीत." मी विचारलं, "साध्या कापडाच्या बाह्या लावल्या तर?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की विषय तिथेच संपला.

तर कापले २२: एस ४, एम ७, एल ७, एक्सएल ४. बहुतेक लेबलं इथेच थांबतात आणि कॅप्शनमध्ये 'फक्त २२ पीस' लिहितात. पण विकायला २२ नसतातच. एक एम फोटोसाठी वापरला. तो घालून शूट झालं, पिना लागल्या, मेकअपचा डाग पडला, तो नवा म्हणून विकता येत नाही. एका एलच्या कॉलरवर काठ तिरका बसला. उसवून परत शिवला असता, पण खणाला सुईची भोकं दिसतात, म्हणून तो बाद. उरले २०. त्यातला एक एम आणि एक एल बदलीसाठी बाजूला ठेवले, कारण सगळ्यात जास्त चुकतात ते याच दोन साइझमध्ये. सगळेच विकून टाकले आणि मग कुणाचा एम घट्ट झाला, तर तिला सांगणार काय? पैसे परत घ्या आणि सोडून द्या? ते करता येतं, पण तिला शर्ट हवा असतो.

म्हणजे विक्रीला १८. एस ४, एम ५, एल ५, एक्सएल ४. हाच आकडा कॅप्शनमध्ये जायला हवा. '२२ कापले, १८ विक्रीला' असं दोन्ही लिहिलं तर आणखी बरं, कारण नंतर बदलीचे दोन पीस कुणाच्या अंगावर दिसले की 'तुम्ही तर १८ म्हणाला होता' हा प्रश्न उरत नाही.

इथे ओळखीचे लोक येतात. "माझ्यासाठी एक एम बाजूला ठेव ना गं." असे तीन फोन आले आणि तुम्ही तिन्हींना हो म्हणालात, की ५ एमचे २ उरतात आणि कॅप्शन मात्र ५ म्हणत राहतं. मैत्रिणीला शर्ट द्यायला माझी ना नाही. फक्त तो आकड्यातून आधी वजा करा, मग कॅप्शन लिहा. मी स्वतः सगळ्यांना एकच सांगते, विक्री रात्री ८ ला उघडेल, तेव्हा वेबसाइटवर ये. दोन जणी रुसल्या आहेत. दिवाळीला फराळ देऊन बघणार आहे.

आता उलट बाजू. एका लेबलकडून मी मागे जॅकेट घेतलं होतं, 'फक्त १० पीस, पुन्हा बनणार नाही' वाचून. काही आठवड्यांनी एका प्रदर्शनात त्यांच्याच स्टॉलवर तेच जॅकेट रॅकभर लटकलेलं. विचारलं तर म्हणे, "ऑनलाइनसाठी १० होते." हे उत्तर तांत्रिकदृष्ट्या खरंही असेल, पण मी तिथून परत काही घेतलेलं नाही. आणि हा फक्त नैतिकतेचा प्रश्न राहिलेला नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी 'डार्क पॅटर्न'विरोधी मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. त्यात १३ प्रकार दिलेत आणि पहिलाच प्रकार खोट्या घाईचा आहे. माल आहे त्यापेक्षा कमी आहे असं सांगून ग्राहकाला घाई करायला लावणं त्यातच येतं. आणि ही तत्त्वं मोठ्या प्लॅटफॉर्मपुरती नाहीत, विक्रेते आणि जाहिरातदारही त्यात आहेत. इन्स्टावर दुकान चालवणारे आपण सगळे आलो.

'पुन्हा बनणार नाही' हे वाक्यही जपून वापरावं. कापड संपलं म्हणून बनणार नाही, की तुम्ही ठरवलंय म्हणून? आमचं पहिलं कारण आहे. हाच रंग, हीच बुट्टी विणकर पुन्हा लावतील की नाही, हे माझ्या हातात नाही. पण हाच शर्ट दुसऱ्या रंगाच्या खणात मी नक्की काढणार आहे. मग कॅप्शनमध्ये तसं लिहायला लाज कसली? 'या रंगात पुन्हा नाही, हा कट दुसऱ्या रंगात येईल' हे वाचून काही जण आत्ता घेणार नाहीत. नाही तर नाही.

आता वेळ. 'आज रात्री' आणि 'उद्या' हे दोन शब्द कॅप्शनमधून हद्दपार व्हावेत असं मला वाटतं. फीड काही वेळेच्या क्रमाने दिसत नाही. मंगळवारची 'उद्या' कुणाला गुरुवारी दिसते आणि ती बिचारी शुक्रवारी वेबसाइट उघडून बसते. 'शुक्रवार रात्री १२' हा तर निव्वळ गोंधळ: गुरुवार संपतानाचे १२ की शुक्रवार संपतानाचे? अर्धे लोक एक दिवस आधी येतात, अर्धे एक दिवस उशिरा. त्यापेक्षा रात्री ८ घ्या. लोक घरी पोचलेले असतात आणि तुम्हीही जागे असता, काही बिघडलं तर बघायला.

बाहेर राहणाऱ्या मराठी लोकांसाठी 'भारतीय वेळ' हे शब्द हवेतच. रात्रीचे ८ म्हणजे दुबईत संध्याकाळचे साडेसहा. लंडन आणि न्यू जर्सीचा मात्र घोळ आहे, कारण तिथली घड्याळं वर्षातून दोनदा सरकतात, आणि तीही वेगवेगळ्या रविवारी. ऑक्टोबरच्या मध्यात लंडनला दुपारचे साडेतीन आणि न्यू जर्सीत सकाळचे साडेदहा. हीच विक्री नोव्हेंबरच्या मध्यात असती तर दोन्हीकडे एक तास आधी. म्हणून मागच्या पोस्टमधली वेळ कॉपी-पेस्ट करू नये.

एवढं झाल्यावर कॅप्शन काय उरतं? आमचं हे असं आहे:

"खणाचे अर्ध्या बाह्यांचे शर्ट. १८ विक्रीला. गुरुवार, १५ ऑक्टोबर, रात्री ८:०० (भारतीय वेळ).
एस ४, एम ५, एल ५, एक्सएल ४. किंमत २,४५० रुपये, करांसह.
कापड ४८ मीटर होतं, त्यात २२ बसले. १ फोटोला, १ बाद, २ साइझ बदलीसाठी.
विक्री फक्त वेबसाइटवर. डीएम आणि व्हॉट्सॲपवर बुकिंग नाही. कार्टमध्ये टाकलेला शर्ट पैसे भरेपर्यंत तुमचा नाही.
या रंगात पुन्हा नाही. हा कट दुसऱ्या रंगात येईल."

पहिल्या ओळीत वस्तू, आकडा आणि वेळ. कारण इन्स्टावर सुरुवातीचा तुकडाच दिसतो, बाकी 'more'च्या मागे जातं. कापडाची गोष्ट खाली. ज्याला रस आहे तो उघडून वाचतो.

कार्टची ओळ फालतू वाटेल, पण सगळ्यात जास्त भांडणं तिच्यावरून होतात. आम्ही शॉपिफाय वापरतो. तिथे कार्टमध्ये टाकल्याने नग राखला जात नाही. पत्ता भरत बसलेल्या माणसाच्या हातातून शर्ट जाऊ शकतो. हे आधी सांगितलं तर हळहळ होते, नंतर सांगितलं तर फसवल्यासारखं वाटतं. आणि प्रत्येक साइझच्या सेटिंगमध्ये 'Continue selling when out of stock' ही खूण काढलेली आहे ना, ते आदल्या दिवशी तपासावं. ती राहिली तर ५ एमचे ९ विकले जातात आणि चार जणांना पैसे परत करत माफी मागावी लागते.

राहिला प्रश्न 'सोल्ड आउट'चा. कॅश ऑन डिलिव्हरी ठेवली तर काही पार्सलं दारातून परत येतातच. मग संपलेला शर्ट आठवड्याने पुन्हा दिसतो आणि लोक म्हणतात, बघा, लपवून ठेवला होता. या १८ पुरती आम्ही सीओडी बंद ठेवलीय. संपले की कॅप्शनची पहिली ओळ बदलणार, किती वाजता संपले ते लिहून. बदलीचे दोन लागले नाहीत तर ते ज्यांनी वेबसाइटवर नाव नोंदवलंय त्यांना क्रमाने विचारून देणार, आणि दिले की तेही त्याच पोस्टखाली लिहीन.