चुलीचा धूर आणि बायकांचा दम: एक खुलासा

"चुलीच्या धुरानं काही होत नाही. फुप्फुस खराब होतं ते बिडी-सिगारेटवाल्यांचं. आमच्या आज्या चुलीवरच म्हाताऱ्या झाल्या."

आज्या म्हाताऱ्या झाल्या हे खरं, पण पहाटे त्यांना येणारा खोकला कुणी मोजला होता?

जतकडच्या एका मावशींचंच बघा. वय 58, तंबाखूला कधी हात नाही. सोळाव्या वर्षापासून गोवऱ्या आणि तुरकाट्यांवर रोज तीनेक तास भाकरी-कालवण. फुंकणीनं फुंकताना तोंड थेट धुरात. आता विहिरीवरून घागर आणताना दोनदा थांबावं लागतं. एक्स-रे जवळपास नॉर्मल, म्हणून घरचे म्हणाले, "वयानं होतंय."

मग फुंकायची तपासणी झाली, स्पायरोमेट्री. जोरात सोडलेला एकूण श्वास 2 लिटर, त्यातला पहिल्या सेकंदात फक्त 1.2 लिटर, म्हणजे 60 टक्के. श्वासनळ्या उघडणारं औषध ओढून पुन्हा फुंकलं तरी 62. औषधानंतरही 70 च्या खाली म्हणजे हवा अडतेय. दम्यात औषधानं बराच फरक पडतो, इथं जवळपास नाही. हा सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या आखडून हवा अडवणारा फुप्फुसाचा आजार.

धुरातले बारीक कण फुप्फुसातल्या अगदी लहान नळ्यांपर्यंत जातात. वर्षानुवर्षं तिथं सूज येत राहते, भिंती जाड होतात, व्रण धरतात. बिडीवाल्यांत हवेच्या पिशव्या जास्त फाटतात, चुलीवाल्या बायकांत या नळ्याच जास्त आखडतात.

आखडलेली नळी परत पहिल्यासारखी होत नाही. धूर थांबला तर पुढची झीज मंदावते. मावशींकडे गॅस आहे, पण भाकरी आणि अंघोळीचं पाणी अजून चुलीवरच.