बुल फ्लॅगच्या टार्गेटबद्दल खुलासा

क्रिप्टोबद्दल फिरणारा मेसेज: "मिडकॅप टोकनमध्ये बुल फ्लॅग बनलाय. 1 डॉलरवरून 1.60 झाला, म्हणजे पोल 60 टक्क्यांचा. आता 1.60 वरून आणखी 60 टक्के, टार्गेट 2.56 पक्कं."

बुल फ्लॅग म्हणजे चार्टवर आधी जोरदार चढ, म्हणजे पोल, आणि मग दोन रेघांमध्ये थोडा खाली सरकणारा भाव. मेसेजमधलं टार्गेट चुकीचं आहे. साध्या चार्टवर पोलची उंची टक्क्यांत नाही, किमतीत मोजतात. इथे ती 60 सेंट. ती शेंड्याला जोडायची नसते, तर ब्रेकआउट जिथे होतो, म्हणजे भाव वरची रेघ तोडतो, तिथे जोडायची. समजा भाव 1.40 पर्यंत सरकला आणि वरची रेघ 1.45 ला तुटली, तर टार्गेट 2.05. लॉग चार्टवर टक्के धरतात, पण तेही 1.45 वरून, म्हणजे 2.32. 2.56 कुठूनच येत नाही.

शिवाय त्याच मेसेजसोबतच्या चित्रात दोन्ही रेघा खाली उतरत जवळ येताना दिसतात. फ्लॅगच्या रेघा साधारण समांतर असतात, हा फॉलिंग वेज आहे. वेजमध्ये सर्वांत रुंद भागाची उंची जोडतात. इथे ती 18 सेंट, म्हणून ब्रेकआउट 1.45 ला धरला तर टार्गेट जेमतेम 1.63!

आणि "पक्कं" काहीच नसतं. मिडकॅपच्या ऑर्डर बुकमध्ये खोली कमी असते, एखादी मोठी ऑर्डरही भाव रेघेबाहेर काढते. म्हणून डेली कॅंडल रेघेच्या वर बंद झाली का आणि व्हॉल्यूम वाढला का, ते बघा. भाव परत आत येऊन बंद झाला, तर टार्गेट सोडून द्यायचं.

2.56 वाला मेसेज कृपया पुढे पाठवू नका.