गोदामात म्हणे 3000 नग पडून असतात!

"बॅचचा आकार काढायला खरेदीचंच ईओक्यू सूत्र वापरा. 6000 ची बॅच घेतलीत तर सरासरी 3000 नग गोदामात पडून राहतात. आणि सेटिंगचा खर्च धरू नका, कामगाराला पगार द्यायचाच असतो."

हा फॉरवर्ड काल भाच्याने पाठवला, खाली एक ओळ लिहून: "मामा, सोमवारपासून बॅच निम्मी करतो." म्हणून हा खटाटोप. ईओक्यू म्हणजे ऑर्डर आणि साठवण मिळून खर्च सर्वांत कमी येईल असा ऑर्डरचा आकार, आणि सेटिंग म्हणजे बॅचआधी मशीन त्या मालासाठी तयार करणं.

आधी ते 3000. खरेदीचा माल एका दिवसात ट्रकमधून उतरतो, तेव्हा साठा एकदम शिगेला जातो. मशीनवरचा माल रोज थोडाथोडा येतो, आणि तो येत असतानाच पुढचा विभाग तो उचलत असतो. भाच्याकडे रोज 200 नग बनतात, 150 लागतात. म्हणजे रॅकवर रोज 50 च वाढतात. 6000 ची बॅच 30 दिवस चालते, तेव्हा रॅकवर जास्तीत जास्त 1500 नग साठतात. पुढच्या 10 दिवसांत ते संपतात. सरासरी 750. तीन हजार कुठून आले?

हीच दुरुस्ती टॅफ्ट नावाच्या अभ्यासकाने 1918 मध्येच मांडली होती:

Q = √(2DS / (h(1 − d/p)))

d रोजचा खप, p रोजचं उत्पादन, D वर्षाचा खप, S एका सेटिंगचा खर्च, h एक नग वर्षभर सांभाळायचा खर्च. ईओक्यूत हा कंस नसतो, बाकी सूत्र तेच. इथे d/p पाऊण, म्हणून कंसात पाव उरतो आणि बॅच खरेदीच्या सूत्राच्या दुप्पट येते. वर्षाचे 300 दिवस धरले आणि एक सेटिंग 100 नग वर्षभर सांभाळण्याइतकं महाग असेल, तर ईओक्यू 3000 सांगतं, खरं उत्तर 6000. 3000 वर वर्षाला 15 सेटिंग होतात, 6000 वर सरासरी साडेसात. साठवण धरूनही 3000 चा एकूण खर्च 25 टक्के जास्त पडतो.

सेटिंग फुकट म्हणणाऱ्याने स्वतःचं सूत्र तरी बघावं. S शून्य धरला की ईओक्यूही शून्य! मग बनवायचं काय?

बरं, मशीन रिकामंच असेल तर सेटिंगच्या वेळेचा पगार खरोखर जास्तीचा नसतो, हे मान्य. पण डाय बदलल्यावर जे पहिले नग भंगारात जातात, त्यांचं काय? आणि त्याच मशीनवर दुसराही माल निघत असेल, तर सेटिंगमध्ये गेलेला वेळ त्याच्या वाट्यातूनच जातो. छोटी बॅच हवीच असेल तर आधी सेटिंग स्वस्त करा. S पाव झाला की बॅच आपोआप निम्मी होते.

आणखी एक कबुली: मशीन खपाच्या दहापट वेगाने माल काढत असेल, तर दोन्ही सूत्रांत जेमतेम 5 टक्क्यांचा फरक पडतो. तिथे ईओक्यू खुशाल वापरा.

भाच्याला एवढंच कळवलंय: रॅक रिकामा असताना बॅच सुरू कर आणि 30 व्या दिवशी मशीन थांबलं की रॅक मोज. 1500 ऐवजी 2000 निघाले, तर खप 150 वरून 133 च्या आसपास आलाय. मग d बदलून गणित पुन्हा मांड.