बोट हलल्यावर ऑक्सिमीटरचा आकडा ८५ कडेच का सरकतो

वाचकाची प्रतिक्रिया: «लाल आणि अवरक्त मापनांचे गुणोत्तर घेतले की बोटाची जाडी आणि एलईडीची तीव्रता कटून जाते, असे आपण लिहिले आहे. मग बोट हलले तर दोन्ही प्रकाशांवर सारखाच परिणाम होऊन तोही कटायला हवा. माझ्या MAX30102 वर बोट स्थिर असताना ९७ दिसतात, हलवले की ८५ ते ८८. एक तर आपला सिद्धान्त चुकीचा आहे, नाहीतर माझा सेन्सर निकामी आहे.»

आपला सेन्सर बहुधा ठीक आहे, कारण निकामी सेन्सरने कोणताही आकडा दाखवला असता. आकडा नेमका ८५ च्या आसपास सरकणे हे सिद्धान्ताशी जुळणारेच आहे.

लाल एलईडीचा प्रकाश साधारण ६६० नॅनोमीटरचा असतो. या तरंगलांबीवर ऑक्सिजन सोडलेले हिमोग्लोबिन ऑक्सिजनयुक्त हिमोग्लोबिनच्या सुमारे दहापट प्रकाश शोषते. अवरक्त एलईडीच्या ९४० नॅनोमीटरवर चित्र उलटते आणि तेथे ऑक्सिजनयुक्त हिमोग्लोबिन अधिक शोषते, मात्र फरक दुपटीपेक्षा कमी असतो. परंतु हाड, त्वचा आणि शिरांमधील रक्तही प्रकाश शोषतात, आणि धमनीतील रक्ताचा वाटा त्यांतून वेगळा काढायचा असतो. ताकुओ आओयागी यांनी १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात जपानमध्ये जी युक्ती सुचवली ती हीच, की प्रत्येक ठोक्यासरशी जो भाग बदलतो तो धमनीचा मानावा आणि जो स्थिर राहतो तो सोडून द्यावा. हा बदलणारा भाग स्थिर भागाच्या एक-दोन टक्केच असतो, हे लक्षात ठेवावे; पुढची सगळी अडचण त्यातून उद्भवते. खालील सूत्रांत AC म्हणजे बदलणारा भाग, DC म्हणजे स्थिर भाग आणि SpO2 म्हणजे पडद्यावर दिसणारी ऑक्सिजनची टक्केवारी.

```
R = (AC_red / DC_red) / (AC_ir / DC_ir)
SpO2 = 110 - 25 * R
```

दुसरी ओळ ढोबळ आहे. व्यावसायिक उपकरणांत तिच्या जागी निरोगी स्वयंसेवकांच्या रक्तनमुन्यांवरून बेतलेली सारणी असते, पण आपल्या चर्चेला ही ओळ पुरते.

समजा, बोट स्थिर आहे, लाल प्रकाशात ०.६ टक्के आणि अवरक्तात १.२ टक्के चढउतार आहे. R ०.५ येतो आणि आकडा ९७.५. आता बोट दाबले जाऊन किंवा सेन्सरपासून किंचित उचलले जाऊन दोन्ही प्रकाश ३ टक्क्यांनी कमी-जास्त झाले. एलईडीची तीव्रता ठोक्याच्या आरंभापासून अखेरपर्यंत तीच राहते, म्हणून ती AC आणि DC या दोहोंना सारखीच गुणते आणि भागाकारात कटते. हालचाल मात्र ठोका चालू असतानाच बदलते, म्हणून ती चढउतारात मिळवली जाते. ती ठोक्याशी एकाच दिशेने पडली, तर लाल ३.६ आणि अवरक्त ४.२ होईल, R ०.८६ आणि आकडा सुमारे ८८.६. अंश आणि छेद यांना एकाच संख्येने गुणले तर गुणोत्तर बदलत नाही, पण दोहोंत एकच संख्या मिळवली तर ते १ कडे सरकते, आणि R = १ म्हणजे ८५.

यातून निघणारा दुसरा परिणाम मला अधिक चिंताजनक वाटतो. ज्याची खरी पातळी ७० आहे, त्याचा R १.६ असतो, म्हणजे लाल १.९२ आणि अवरक्त १.२. त्यातही ३ मिळवल्यास R १.१७ येतो आणि पडद्यावर सुमारे ८१ दिसतात. थंडीने कुडकुडणाऱ्या किंवा हातपाय झाडणाऱ्या रुग्णाची पातळी अशा रीतीने खऱ्याहून चांगली दिसू शकते. शिवाय हालचालीने शिरांमधले रक्तही हेलकावते. त्यात ऑक्सिजन कमी असतो आणि तेही बदलणारे असल्याने धमनीचेच म्हणून मोजले जाते. म्हणून आपला आकडा प्रत्येक वेळी नेमका ८५ वर थांबणार नाही.

फिल्टर लावून हे सहज सुटत नाही, कारण नाडी सेकंदाला एक-दीड ठोका पडते आणि हाताची सामान्य हालचालही बहुधा त्याच पट्ट्यात येते. अनेक हौशी प्रकल्पांत लाल आणि अवरक्त लहरींचा सहसंबंध तपासून मापन ग्राह्य धरतात. ही कसोटी गोंगाट पकडते, हालचाल पकडत नाही. दोन्ही प्रकाश एकदम हलत असल्याने हालचालीत सहसंबंध उलट वाढतोच. त्यापेक्षा अवरक्त लहर स्वतःशीच, एका ठोक्याइतकी मागे सरकवून ताडून पाहावी आणि तिचा चढउतार आधीच्या काही ठोक्यांच्या दुपटीहून अधिक झाला तर तो ठोका गाळावा. हात एका लयीत हलत असेल तर पहिली तपासणी फसेल, तेव्हा दुसरीवरच भिस्त ठेवावी लागेल. सलग काही ठोके गाळले गेल्यास जुना आकडा धरून न ठेवता पडद्यावर `--` दाखवावे.